पाच हजारांवर सव्वीसशे रुपये व्याज

बिलात बाकी पाच हजार रुपये, आणि त्याच बिलात व्याज २,६१७ रुपये ८१ पैसे. त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणून आणखी ४७१ रुपये २१ पैसे. सावकारीविरुद्ध कायदा आहे ना आपल्याकडे, असं कुणालाही वाटेल. माझ्या मावशीलाही तेच वाटलं. ती नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात गेली एकोणीस वर्षं क्लार्क आहे. पगारपत्रकं, प्रॉव्हिडंट फंड, वेतनेतर अनुदान असले हिशोब करते. आकड्यांना घाबरणारी बाई नाही. "अरे, शून्य जास्त पडलाय का बघ यात," एवढंच म्हणाली आणि जुलै आणि ऑगस्ट २०२४ ही दोन बिलं मला पाठवली.

तिला राग व्याजाचा होता. काळजी वेगळीच होती. मावसबहिणीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज सप्टेंबरमध्ये बँकेत जायचा होता आणि मावशी सहकर्जदार होती. कार्डाची बँक वेगळी, कर्जाची बँक वेगळी, पण दोघींना जोडणारा क्रेडिट रिपोर्ट एकच. वादातली रक्कम न भरता सोडली आणि कार्डवाल्या बँकेने तिला थकबाकीदार म्हणून कळवलं, तर दोन-तीन हजारांच्या भांडणापायी मुलीचं कर्ज अडकलं असतं. म्हणून तिची तयारी अशी होती की मागतायत ते भरून टाकू आणि विषय संपवू. बहुतेक लोक तेच करतात. रक्कम भांडायला लहान वाटते, आणि नेमकं कशासाठी भांडायचं तेही धड ठाऊक नसतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. बँकेचं नाही, पण दोन तारखांमधले दिवस मोजणं आणि त्यात एका दिवसाची चूक शोधणं हे माझं रोजचं काम आहे. राखीपौर्णिमेला नाशिकला जायचंच होतं, तेव्हा ठरवलं की आधी हिशोब मांडू, मग ठरवू भांडायचं का. त्यातून जे निघालं ते सांगण्यासारखं आहे, कारण ज्या आकड्याने मावशी सगळ्यात जास्त चिडली होती, तो बरोबर निघाला.

तिच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि ते भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ५. व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. २० मे रोजी तिने लेकीसाठी ४५,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. २ जूनला पाच हजारांची आणखी एक खरेदी. १५ जूनचं बिल आलं ५०,००० रुपयांचं. त्यातले ४५,००० तिने ३ जुलैला, म्हणजे मुदतीच्या आत, भरले. पाच हजार पुढच्या महिन्यावर ठेवले. दरम्यान २५ जूनला चार हजारांची किराणा वगैरे खरेदी झाली होती. मग १५ जुलैच्या बिलात ते सव्वीसशे रुपये उगवले.

मावशीचा व्याजाचा अनुभव शाळेच्या पतसंस्थेतला. तिथे जेवढं कर्ज शिल्लक तेवढ्यावरच व्याज. त्या हिशोबाने पाच हजारांवर महिन्याचे पावणेदोनशे रुपये व्हायला हवेत. पण क्रेडिट कार्डावर जी व्याजमुक्त मुदत मिळते, ती एका अटीवर मिळते: बिलाची पूर्ण रक्कम मुदतीत भरायची. एक रुपया कमी भरला तरी बँक ती सवलत काढून घेऊ शकते. आणि ती काढली जाते खरेदीच्या दिवसापासून. म्हणजे ३ जुलैला भरलेले ४५,००० रुपयेसुद्धा २० मेपासून ३ जुलैपर्यंत बँकेचं व्याजी कर्ज होते, असं मागाहून ठरतं. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही मोफत मुदत नाही. २५ जूनच्या चार हजारांवर त्याच दिवसापासून व्याज.

हे सगळं एका ओळीत मावतं. प्रत्येक रक्कम जितके दिवस उभी होती तितक्या दिवसांनी तिला गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आणि वार्षिक दराने गुणून ३६५ ने भागायचं. मावशीच्या बाबतीत २० मे ते २ जून हे १३ दिवस ४५,००० उभे होते. २ जून ते ३ जुलै हे ३१ दिवस ५०,०००. ३ जुलै ते १५ जुलै हे १२ दिवस ५,०००. आणि नवे ४,००० हे २५ जून ते १५ जुलै, म्हणजे २० दिवस. फोनवरच्या स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात रकमा आणि दुसऱ्यात दिवस लिहिले की खालचं सूत्र पुरतं:

```
=SUMPRODUCT(A2:A5,B2:B5)*0.42/365
```

उत्तर आलं 2617.81. पैशाचाही फरक नाही.

मावशीने ते दोनदा पाहिलं. "म्हणजे त्यांनी फसवलं नाही?" या आकड्यात नाही. ही अट कार्डाच्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात लिहिलेली असते, आणि रिझर्व्ह बँकेला ती मान्य आहे. मला स्वतःला ती अट अन्यायाची वाटते. पन्नासातले पंचेचाळीस हजार वेळेवर भरणाऱ्या माणसाला आणि एक पैसाही न भरणाऱ्याला ३ जुलैपर्यंतचं व्याज सारखंच, हे कुठल्या वाण्याच्या वहीत बसेल? पण अन्याय्य वाटणं वेगळं आणि नियमबाह्य असणं वेगळं. तक्रारीत या सव्वीसशे रुपयांवर दोन पानं खर्ची घातली असती, तर बँकेने अटींच्या पत्रकाची प्रत जोडून फाईल बंद केली असती आणि खऱ्या चुका त्याखाली गाडल्या गेल्या असत्या.

खऱ्या चुका होत्या. पहिली जुलैच्याच बिलात, मधल्या ओळीत: विम्याचा हप्ता १,५९९ रुपये, जीएसटी २८७ रुपये ८२ पैसे, मिळून १,८८६ रुपये ८२ पैसे. मावशीला आठवत होतं की जूनअखेरीस एक फोन आला होता. "मॅडम, तुमच्या कार्डावर विमा संरक्षण सुरू होतंय," असं काहीसं पलीकडची मुलगी म्हणाली होती आणि मावशी "बरं, बरं" म्हणून वर्गशिक्षकांच्या हजेरीकडे वळली होती. ओटीपी दिला नव्हता, कुठल्या मेसेजला होकार दिला नव्हता, कागदावर सही तर नाहीच.

जुलैचं बिल आल्यावर तिने कस्टमर केअरला फोन केला होता. "रिव्हर्स होऊन जाईल, मॅडम," असं उत्तर मिळालं. तिने त्यावर विश्वास ठेवून आपल्या खरेदीचे पाच आणि चार असे नऊ हजार ४ ऑगस्टला, रविवारी संध्याकाळी, दुसऱ्या बँकेच्या ॲपवरून पाठवले आणि कार्ड कपाटात ठेवून दिलं. पैसे कार्डाच्या खात्यात पोचले बुधवारी, ७ तारखेला. मुदत होती ५ ची. १५ ऑगस्टच्या बिलात लेट फी ७५० अधिक जीएसटी १३५, म्हणजे ८८५ रुपये. विमा रिव्हर्स वगैरे काही झालेला नव्हता. वर पुन्हा व्याज ४१५ रुपये ६९ पैसे आणि त्यावर जीएसटी ७४ रुपये ८२ पैसे. एकूण देणं ६,३५१ रुपये ३५ पैसे.

इथे नियमांचं पुस्तक उघडावं लागलं. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्ड देणाऱ्या बँकांसाठी एकत्रित निर्देश काढले. ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात आणि भाषा वाटते तितकी अवघड नाही. मावशीच्या बिलाला लागू पडणाऱ्या त्यातल्या तीनच गोष्टी होत्या.

लेट फीबद्दल नियम असा, की खातं मुदतीनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच ती लावता येते. थकबाकीदार म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवायलाही हीच तीन दिवसांची मर्यादा आहे. ५ ची मुदत आणि ७ ला जमा, म्हणजे दोन दिवस. आणि आलेले नऊ हजार किमान रकमेपेक्षा कितीतरी जास्त होते. त्या दोन दिवसांचं व्याज बँक घेऊ शकते, लेट फी घेऊ शकत नाही. तीन दिवस उलटून गेले असते, तर मात्र दिवस मोजले गेले असते ते मूळ मुदतीपासूनच, तीन दिवस वजा करून नव्हे. आणि तेव्हाही लेट फी ठरते ती मुदतीनंतर जेवढं देणं उरलं त्यावर, बिलाच्या पूर्ण रकमेवर नाही. आकारणी टप्प्याटप्प्यांनी असते, त्यामुळे चौदा हजारांचा टप्पा लावला की पाच हजारांचा, याने फरक पडतो.

विम्याबद्दल नियम आणखी सरळ आहे. कार्डासोबत विमा द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी, लेखी किंवा डिजिटल. हजेरीपटाकडे बघत म्हटलेलं "बरं, बरं" यात कसं बसवायचं ते बँकेने सांगावं. म्हणजे संमतीचा पुरावा बँकेकडे मागायचा, आपण संमती दिली नाही हे सिद्ध करत बसायचं नाही.

तिसरी चूक शोधायला मला खरी मजा आली, कारण ती बिलावर दिसत नाही. ऑगस्टचं ४१५ रुपये ६९ पैसे व्याज कशावर लावलंय? १५ जुलैची एकूण बाकी होती १३,९७५ रुपये ८४ पैसे. ती ७ ऑगस्टपर्यंत २३ दिवस उभी होती. नंतर नऊ हजार वजा जाता ४,९७५ रुपये ८४ पैसे, १५ ऑगस्टपर्यंत ८ दिवस. सूत्रात घातलं की बरोबर 415.69 येतं. म्हणजे बँकेने पूर्ण बाकीवर व्याज लावलं होतं, आणि त्या बाकीत विम्याचा हप्ता आणि जीएसटीसुद्धा होता. निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की न भरलेले शुल्क, आकार आणि कर हे व्याज लावण्यासाठी मुद्दलात मिळवायचे नाहीत. न भरलेल्या व्याजावर व्याज चढू शकतं, ते या वाक्यात येत नाही. शुल्क आणि कर येतात. म्हणून विमा आणि जीएसटी असे २,३५८ रुपये ३ पैसे बाजूला काढून पुन्हा गणित केलं. व्याज आलं 331.57. फरक ८४ रुपये १२ पैशांचा, आणि त्यावरच्या जीएसटीसह ९९ रुपये २६ पैशांचा.

शंभर रुपयेसुद्धा नाहीत. मावशीचे यजमान पेपर वाचता वाचता म्हणाले, "सोडा हो, शंभर रुपयांसाठी कुठे..." मावशीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पगारपत्रकात एका पैशाचा फरक निघाला तर बिल कोषागारातून परत येतं, हे ती एकोणीस वर्षं बघतेय.

तर ६,३५१ रुपये ३५ पैशांपैकी विमा, लेट फी आणि हे जादा व्याज मिळून २,८७१ रुपये ८ पैसे चुकीचे, आणि ३,४८० रुपये २७ पैसे खरोखर देणं. भांडणाचं क्षेत्रफळ पक्कं झालं, आणि मग पत्र लिहिणं सोपं होतं.

पत्रच का, फोन का नाही, हे थोडं सांगायला हवं. ग्राहकाने बिलाला हरकत घेतली तर बँकेने तक्रारीच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीस दिवसांत स्पष्टीकरण द्यायचं, आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा, असं निर्देशांत आहे. तीस दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख हवी. दुसरं असं की पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायची वेळ आली, तर लोकपाल योजनेत पहिली अटच ही आहे, की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. ईमेल चालतो, ॲपमधला तक्रारीचा फॉर्म चालतो, पण हातात मजकूर आणि तारीख हवी. मावशीचा जुलैमधला फोन या दृष्टीने झालाच नव्हता.

१९ ऑगस्टला, राख्या बांधून झाल्यावर, जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही ते लिहिलं. मावशीने सरकारी पत्राच्या थाटात विषय आणि संदर्भ आधी लिहून घेतले. माझ्या पहिल्या मसुद्यातली "मनस्ताप" आणि "लुबाडणूक" ही दोन वाक्यं तिनेच कापली. "हे वाचणारा माझ्यासारखाच कुणीतरी टेबलावर बसलेला असणार. त्याला काय काढून द्यायचंय तेवढं सांग," म्हणाली. मुख्य मजकूर असा झाला:

"१५ जुलै आणि १५ ऑगस्ट २०२४ च्या बिलांतील पुढील नोंदींना माझी हरकत आहे. (१) विमा हप्ता व कर रु. १,८८६.८२. मी संमती दिल्याचा पुरावा, म्हणजे संमतीची तारीख, वेळ, माध्यम आणि ध्वनिमुद्रण किंवा डिजिटल नोंद, द्यावा. तो नसल्यास रक्कम परत करावी. (२) लेट फी व कर रु. ८८५. देय तारीख ५ ऑगस्ट, जमा तारीख ७ ऑगस्ट. ही आकारणी कोणत्या नियमाने केली ते कळवावे. (३) दोन्ही बिलांतील व्याजाची दिवसवार गणना द्यावी: कोणती रक्कम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस, कोणत्या दराने. त्या रकमेत शुल्क व कर समाविष्ट केले असल्यास तसे नमूद करावे. (४) मला लागू असलेले शुल्कपत्रक आणि महत्त्वाच्या अटींची प्रत द्यावी, आणि कार्ड घेतल्यानंतर शुल्कात बदल झाला असल्यास त्याची पूर्वसूचना मला कधी दिली ते कळवावे. (५) वादाबाहेरील रु. ३,४८०.२७ मी मुदतीत भरत आहे. उरलेली रक्कम वादग्रस्त असल्याने ती थकबाकी म्हणून पतमाहिती कंपन्यांना कळवू नये, आणि तसे लेखी कळवावे."

चौथा मुद्दा थोडा अंदाजाने टाकला होता. शुल्कातला बदल पुढच्या काळासाठीच करता येतो आणि किमान एक महिना आधी कळवावा लागतो. मावशीने कार्ड घेतलं तेव्हा लेट फी किती होती हे तिला आठवत नव्हतं, म्हणून विचारून ठेवलं. पाचवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वाद चालू असलेल्या कार्डांबाबत बँकेने विशेष काळजी घ्यावी आणि थकबाकीची माहिती शक्यतो वाद मिटल्यावरच द्यावी, असं निर्देशांत आहे. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी ग्राहकाला तसं कळवावंही लागतं. पण त्यातल्या "शक्यतो" या शब्दावर मुलीचं कर्ज टांगायला मी तयार नव्हतो. म्हणून २० ऑगस्टला ३,४८० रुपये २७ पैसे भरून टाकले. बिलावर छापलेली किमान रक्कम याहून कमी होती, त्यामुळे बँकेच्या स्वतःच्या हिशोबानेही खातं थकलं नाही. ही किमान रक्कम आधी तपासावी लागते. वाद नसलेला भाग तिच्यापेक्षा कमी निघत असेल, तर किमान रक्कम "हरकत नोंदवून भरत आहे" असं लिहून भरलेली बरी. पैसे नंतर परत मिळतात, क्रेडिट रिपोर्टमधली नोंद पुसायला जास्त वेळ जातो.

ॲपने तक्रार क्रमांक दिला. पाचव्या दिवशी उत्तर आलं: सर्व आकारणी अटींप्रमाणे आहे, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. पाचपैकी एकाही मुद्द्याला त्यात हात लावलेला नव्हता. अशा उत्तराने खचायचं कारण नसतं, ते बहुधा तयार साच्यातून निघतं. २६ तारखेला तेच पत्र, खाली पहिला तक्रार क्रमांक आणि "पाच मुद्द्यांपैकी एकाचेही उत्तर मिळालेले नाही" एवढी एक ओळ घालून, बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याच्या पत्त्यावर गेलं. तीस दिवस मात्र मोजायचे १९ तारखेपासूनच, हेही लिहिलं.

१३ सप्टेंबरला, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, खरं उत्तर आलं. संमतीचा पुरावा उपलब्ध नाही, विमा हप्ता करासह परत. लेट फी करासह परत, "सद्भावना म्हणून". (नियमाने परत करायच्या पैशाला सद्भावना म्हणायची ही पद्धत कुणी काढली कोण जाणे.) वादग्रस्त रक्कम पतमाहिती कंपन्यांना कळवलेली नाही. आणि सोबत व्याजाचा दिवसवार तक्ता.

त्या तक्त्यात पहिलीच ओळ होती: १५ जुलै ते ७ ऑगस्ट, २३ दिवस, १३,९७५.८४. करावर आणि विम्यावर व्याज लावल्याचं बँकेने आपल्याच हाताने लिहून दिलं होतं. मी आधी फक्त अंदाज बांधला होता. माझं सूत्र त्यांच्या आकड्याशी जुळलं, याचा अर्थ त्यांची पद्धत तीच असेल असा एक तर्क. आता तर्काची गरज उरली नाही. दिवसवार गणना मागायची ती याचसाठी. बिलावरचा आकडा कितीही पाहिला तरी आतली रक्कम दिसत नाही, तक्त्यात ती लिहावीच लागते.

उत्तरात ९९ रुपये २६ पैशांचा उल्लेख नव्हता. १५ सप्टेंबरच्या बिलात वादातल्या रकमेवरचं व्याजही आलेलं होतं. आम्ही तिसरं पत्र लिहिलं, चार ओळींचं: तुमच्याच तक्त्याची पहिली ओळ, निर्देशांतलं वाक्य, आमचं गणित, आणि पूर्ण समाधान न झाल्यास लोकपालाकडे जाण्याचा इरादा. लोकपालाची तक्रार cms.rbi.org.in वर फुकट करता येते. बँकेने तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारली, किंवा तीस दिवसांत उत्तरच दिलं नाही, की तिथला दरवाजा उघडतो. वकील लागत नाही. किंबहुना वकिलाला तिथे दुसऱ्याच्या वतीने तक्रार करताच येत नाही. भाच्याला मात्र अधिकारपत्र घेऊन करता येते, आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं. वापरावं लागलं नाही. २७ सप्टेंबरला जादा व्याज, त्यावरचा कर आणि सप्टेंबरच्या बिलातलं वादातल्या रकमेचं व्याज, सगळं जमा झालं.

एक शेपूट उरलं होतं, ते आधी ठाऊक नसेल तर माणूस पुन्हा चिडतो. १५ ऑगस्टपर्यंतचं देणं आपण २० तारखेला भरलं, तर मधल्या पाच दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतंच. मावशीचं ते १६ रुपये ९७ पैसे आणि कर ३ रुपये ५ पैसे झालं. हा आकडा मी तिला ऑगस्टमध्येच काढून दिला होता, त्यामुळे वीस रुपयांची नोंद दिसल्यावर तिने मुकाट्याने भरली. खातं एका फटक्यात शून्यावर आणायचं असेल, तर "अमुक तारखेला पूर्ण फेडीसाठी किती रक्कम" हा आकडा बँकेकडून लेखी मागून घ्यावा, बिलावरची रक्कम भरून थांबू नये.

दराचं काय, असं मावसबहिणीने विचारलं. बेचाळीस टक्के हेच मुळात जास्त नाही का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं. वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. पण आमचं प्रकरण मिटल्यावर तीन महिन्यांनी, २० डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. दर ठरवणं हे बँकांचं आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या रिझर्व्ह बँकेचं काम, ग्राहक आयोगाचं नाही, असा त्याचा गाभा. म्हणजे जाहीर केलेला दर जास्त आहे, एवढ्याच मुद्द्यावर पत्र लिहून फारसं काही हाती लागणार नाही. जाहीर केलेला दर चुकीच्या रकमेवर लावला, हे मात्र लिहिता येतं आणि सिद्धही करता येतं.

शैक्षणिक कर्ज ऑक्टोबरमध्ये मंजूर झालं. त्याच आठवड्यात मावशीने कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. बाकी शून्य असेल तर बँकेने कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करायचं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला पाचशे रुपये द्यायचे असा नियम आहे. दोन वेळा फोन आला, वार्षिक फी माफ करतो, लिमिट वाढवतो. मावशी दोन्ही वेळा म्हणाली, "ईमेलवर कळवा." सहाव्या दिवशी कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला. सातवा दिवसही उलटू द्यायला हवा होता, असं तिचे यजमान अजून म्हणतात.